आईच्या उंचीवरचा कॅमेरा

माझं दुकान महाडात, चवदार तळ्यापासून दोन गल्ल्या सोडून. नवरा फ्लेक्स छापायचं मशीन सांभाळतो आणि मी संगणकासमोर बसून माणसं उंच करते. हाच माझा धंदा. वाढदिवस असलेला कुणीतरी भाऊ मोबाइलमधला स्वतःच काढलेला फोटो घेऊन येतो. हात वर करून काढलेला, कपाळ हे एवढं आणि पायांचा पत्ता नाही. वर मलाच सांगतो, "ताई, जरा दमदार दिसूदे." मी म्हणते, बसा. मनात म्हणते, देवानं जे केलं नाही ते मी चहा थंड व्हायच्या आत करायचं.

पूर्वी कापाकापी करावी लागायची. मुंडकं ह्याचं, धड त्याचं, मागे कुठलातरी सूर्योदय. आता एआय आलंय. फोटो द्यायचा, काय हवं ते लिहायचं, चित्र तयार. लिहिण्याला प्रॉम्प्ट म्हणतात. आमच्या गल्लीतल्या पोरांना वाटतं की "शक्तिशाली, रुबाबदार, हिरो" असं लिहिलं की काम झालं. काही होत नाही. तसं लिहिलं की यंत्र सगळ्यांना एकच रुंद जबडा आणि एकच फुगलेली छाती चिकटवतं. मग महाडचा भाऊ आणि माणगावचा भाऊ सख्खे जुळे दिसतात आणि दोघंही माझ्यावर चिडतात.

रुबाब शब्दात नसतो, कॅमेरा कुठे ठेवला त्यात असतो, हे मला बरीच चित्रं वाया घालवल्यावर कळलं. तेव्हापासून मी माणसाचं कौतुक लिहीत नाही, जागा लिहिते. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, वर रोखलेला. जमिनीची रेघ चौकटीच्या अगदी तळाशी. माणसाच्या मागे निव्वळ आकाश, डोक्याच्या वर थोडी मोकळी जागा. ढग खालून वर पसरत गेलेले. पायाशी गवताची पाती मोठी आणि पुसट. लांबवर एखादं देऊळ नखाएवढं. देऊळ मोठं असतं हे बघणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून ते नखाएवढं दिसलं की पुढचा माणूस आपोआप मोठा होतो. नुसतं रिकामं आकाश ठेवलं तर उंची कळत नाही, मापाला काहीतरी लागतंच.

हे सगळं मी हसत हसत सांगू शकते, कारण हे लोक जिवंत असतात. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला मी कधी असं करत नव्हते. गेलेल्या माणसाचा पासपोर्टचा फोटो, दोन बाजूंना समया, खाली नाव. माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा त्याचाही तसाच केला होता, आणि करताना रडूही आलं नव्हतं. रडू नंतर आलं, दुसऱ्याच कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सवर काम करताना.

आमचं माहेर पोलादपूरच्या वर, उमरठच्या बाजूला, डोंगराच्या कुशीतली एक वाडी. भाऊ मुंबईत गोदामात कामाला होता, पण त्याचा जीव कबड्डीत. अंगानं अगदी किरकोळ. चढाईला निघाला की समोरचे हसायचे. हा मात्र वाकून, जवळजवळ मातीला लागून, दोघांच्या हातांच्या साखळीखालून सटकायचा आणि रेषेला बोट लावून उठायचा. धुळीनं माखलेला, दात तेवढे पांढरे. गावात सामना असला की मी दुकान बंद ठेवून जायचे. आई मात्र कधी मैदानावर गेली नाही. "माझं पोर पडताना मला नाय बघवत," म्हणायची, आणि चुलीपाशी बसून तो यायची वाट बघायची.

त्याला कावीळ झाली. मुंबईहून आला तो डोळे पिवळे घेऊनच. गावचं औषध झालं, मग दवाखाना झाला, मग मोठा दवाखाना झाला, आणि शेवटी डॉक्टरांनी हात टेकले. घरी आणला. माजघरात अंथरूण टाकलं होतं, आई उशाशी बसलेली असायची. किरकोळ माणूस आणखी किरकोळ होत गेला. अगदी शेवटी आमच्याकडे करतात तसं त्याला अंथरुणावरून उचलून जमिनीवर घेतला. आईनंच त्याचं डोकं धरलं होतं. मला त्या दिवसातलं बाकी फारसं आठवत नाही, आणि आठवायचंही नाही.

वर्ष होत आलं तेव्हा त्याच्या संघाचा कप्तान दुकानात आला. हा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, आता मुंबईत रिक्षा चालवतो. भात कापून झालं होतं, खाचरं मोकळी झाली होती, आणि मंडळानं भावाच्या नावानं सामने ठेवायचं ठरवलं होतं.

"ताई, मैदानाच्या तोंडाशी त्याचा मोठा फ्लेक्स पायजे. समई-बिमई नको. हिरोवाला पायजे. खालून घेतलेला, मागं आभाळ. तू त्या पुढाऱ्यांचे करतेस ना, तसा."

मला राग आला. म्हणाले, "तो काय पुढारी होता?"

"नव्हता म्हणून तर," तो म्हणाला. "ज्यांनी कधी काय केला नाय, ते एवढे मोठे दिसतात. आपलं पोर निदान एकदा तरी दिसूदे."

मी फोटो मागितले.

पहिलं चित्र आलं ते बघून कप्तान म्हणाला, "ह्यो तर सोलापूरला उभा वाटतो." खरंच होतं. मी सवयीनं जमिनीची रेघ तळाशी मागितली होती, तर यंत्रानं मागे सपाट माळ देऊन टाकला. आमच्या खोऱ्यात क्षितिज नावाची गोष्टच नाही. कुठेही तोंड करा, समोर डोंगर. डोंगर काढला तर गाव जातं आणि डोंगर ठेवला तर तो भावाच्या डोक्यावर चढून बसतो. मग मी कॅमेरा आणखी खाली नेला, भावाच्या आणखी जवळ सरकवला, आणि लिहिलं की डोंगराची धार त्याच्या कमरेच्या वर जाता कामा नये. डोंगर आला, कमरेपाशी थांबला. पण कॅमेरा एवढा जवळ आणि लेन्स एवढी रुंद, की मांड्या खांबासारख्या झाल्या आणि डोकं लिंबाएवढं. वाढदिवसाच्या भाऊला हे चालतं. इथे माझ्या भावाचा चेहरा हवा होता. शेवटी कॅमेरा जरा मागे घेतला, लेन्स कमी रुंद मागितली, आणि भावाला खाचराच्या बांधावर उभा केला. पायाखालची जागाच उंच झाली, तेव्हा डोंगर आपोआप खाली राहिला.

एकदा यंत्रानं न मागता आकाशात घार दिली, त्याच्या डोक्याएवढी. घार एवढी जवळ आली की माणूस लहान होतो. ती लांब नेली, ठिपका केली. मागे डोंगरउतारावर आमची वाडी ठेवली, काडेपेट्यांसारखी घरं. सूर्य पाठीमागे मागितला तर खांद्यांना उजेडाची कड सुंदर आली, पण तोंड काळंठिक्कर पडलं, म्हणून समोरून थोडा उजेड वेगळा लिहावा लागला. जर्सीवरचा आकडा यंत्राला कधीच नीट जमत नाही, तो मी हातानं बसवला.

सगळं जमलं, एक हनुवटी सोडून. भावाची हनुवटी आत गेलेली, बाबांसारखी. यंत्रानं ती बाहेर काढून चौकोनी केली होती. त्याचा खालून काढलेला एकही फोटो नव्हता ना. सगळे दोस्तांनी समोरून नाहीतर गच्चीवरून काढलेले. जे कधी बघितलं नाही ते यंत्र मनानं रचतं, आणि त्याच्या मनात एकच हिरो. मी हनुवटी पुसून पुसून शक्य तेवढी आत ढकलली. कप्तान बघत राहिला आणि म्हणाला, "चालेल ताई. चालेल." डोळे पुसायला म्हणून बाहेर गेला तो बराच वेळ आलाच नाही.

सामन्यांच्या आदल्या दिवशी फ्लेक्सची गुंडाळी टेम्पोत घालून आम्ही वाडीवर गेलो. आता ह्या कामाची एक रीत आहे. फ्लेक्स उभा करायच्या आधी तो जमिनीवर पूर्ण उलगडतात, कडेच्या भोकांतून दोऱ्या ओवतात, मग लाकडी चौकटीला ताणून बांधतात. ह्यात विचार करण्यासारखं काही नसतं, आयुष्यभर आम्ही हेच केलंय. आमच्या अंगणाएवढी सपाट जागा वाडीत दुसरी नाही, म्हणून तिथेच उलगडला. सारवलेल्या अंगणात भाऊ पसरला, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी आणि कप्तान दोन बाजूंना उकिडवे बसून दोऱ्या ओवत होतो.

आई पाण्याचा हंडा घेऊन आली. अंगणाच्या तोंडाशी थांबली. हंडा तिच्या हातातून सुटला नाही, तिनं तो खाली ठेवला, नीट ठेवला, आणि मग ओरडली.

"उचला त्याला! आदी उचला! परत खाली कशाला घातलाय त्याला?"

तेव्हा मला दिसलं. माझ्या गुडघ्याशी आकाश होतं, डोंगर होता, आणि त्यावर माझा भाऊ जमिनीवर उताणा पडलेला होता. मी दोन आठवडे ज्याला वर, आणखी वर चढवत होते, तो आईच्या पायाशी आडवा होता. कप्ताननं एका झटक्यात वरची कड उचलली, मी खालची धरली, आणि बांधायच्या आधीच आम्ही तो फ्लेक्स गोठ्याच्या भिंतीला टेकवून, हातांनी ताणून उभा धरला.

आई उंबऱ्यावर बसली. तिनं वर बघितलं. बराच वेळ बघितलं. आम्ही दोघं फ्लेक्सच्या दोन कडांना, हात वर करून उभे. आमचे खांदे दुखायला लागले तरी कुणाची हलायची हिंमत नव्हती.

मग ती म्हणाली, "शेवटचे दिस मी त्याला वरनंच बघितला गो. मी वर आनि तो खाली. मला डोळं मिटलं की तसाच दिसतो." थोड्या वेळानं म्हणाली, "ह्यो उबा हाय, ते बरा झाला. पन ह्यो कुनाकडं बघतोय?"

मी वळून वर पाहिलं. हिरोची नजर लांब असते. आईच्या डोक्यावरून, घराच्या कौलांवरून, कुठल्यातरी पलीकडच्या डोंगराकडे. तशी नजर मीच लिहिली होती, कारण लांब बघणारा माणूस मोठा दिसतो.

"चुलीशी बसलेली असले की तो दारात येऊन उबा रायचा," आई म्हणाली. "असा खाली बघायचा माझ्याकडं. तसा नाय का गो करता येत तुला?"

मी म्हणाले, "येतं." येतं की नाही ते मला माहीत नव्हतं.

कप्तानला मैदानासाठी तोच हवा होता. "खाली बघितलान तर हरल्यावानी दिसंल," म्हणाला, आणि मैदानापुरतं ते बरोबर होतं. तो फ्लेक्स तिथे लागला, भाषणं झाली, पोरांनी त्याच्या पायाशी नारळ फोडून चढाया केल्या. आई नेहमीसारखी गेली नाही. मी महाडला येऊन पुन्हा संगणकासमोर बसले.

भावाला खाली बघायला लावणं सगळ्यात अवघड गेलं. खालून घेतलेल्या चित्रात माणूस कॅमेऱ्याकडे खाली बघायला लागला की तो धमकावतोय असं दिसतं. भुवया खाली येतात, डोळ्यांवर सावली पडते, मागचे ढगही त्याला सामील होतात. पहिला आला तो मारायला उठल्यासारखा. मी "प्रेमानं बघतोय" असं लिहिलं, तर यंत्रानं सगळे दात काढून टूथपेस्टची जाहिरात केली. पुन्हा तीच अक्कल मला नव्यानं शिकावी लागली, की भावना लिहायच्या नाहीत, जागा लिहायची. काळे ढग काढले. डोंगरही काढला. दाराची चौकट घातली आणि त्या चौकटीत त्याच्या मागे दुपारचं फिकट आकाश. मान थोडी पुढे झुकलेली. भुवया सैल. ओठ मिटलेले, आत्ता बोलेल असे. उजेड खालून, चुलीच्या बाजूनं, मंद. आणि कॅमेरा कुठे, हे लिहायला मी खुर्चीवरून उठले. दुकानाच्या फरशीवर मांडी घालून बसले, आई पाटावर बसते तशी, आणि नवऱ्याला दारात उभं राहायला सांगितलं. त्यानं का म्हणून विचारलं नाही. बराच वेळ मी त्याच्याकडे खालून बघत राहिले. मग उठून लिहिलं, कॅमेरा जमिनीवर बसलेल्या म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीवर.

आणि चित्र आलं तेव्हा तो भाऊ होता. मान खाली झुकली की हनुवटीचा तळ दिसतच नाही, चेहरा समोरच येतो, आणि समोरचा चेहरा यंत्राला त्याच्या फोटोंतून नीट ठाऊक होता. तीच आत गेलेली हनुवटी. तेच, काहीतरी खायला मागणार आहे असं तोंड. वर्षभर जे रडायचं राहिलं होतं ते सगळं त्या दिवशी रडले. माझा भाऊ मला परत मिळाला नाही, मिळणार नाही, हे मला त्या चित्रानं जितकं साफ सांगितलं तितकं कुणी माणसानं सांगितलं नव्हतं. समईवाल्या फोटोतला तो गेलेला होता. हा आत्ताच आला होता, आणि तरी नव्हता.

देऊ की नको असं दोन दिवस चाललं होतं. पण शब्द दिला होता. पुरुषभर उंचीचा छापला, फ्लेक्सवर नाही, कापडावर, म्हणजे चकाकणार नाही. ह्या वेळी गुंडाळी मी जमिनीला लागू दिली नाही. कप्ताननं आणि मी ती माजघराच्या भिंतीला उभीच लावून वरून खाली सोडली, पावलं जमिनीच्या पातळीवर येतील अशी, आईच्या बसायच्या जागेसमोर.

आई चुलीवरचं भांडं उतरवून आली आणि तिच्या जागी बसली. पदरानं हात पुसले. मान वर केली. तो तिच्याकडे बघत होता.

मला वाटलं रडेल. मला वाटलं ओरडेल, हे काय करून आणलंस म्हणेल. कप्तान दाराबाहेर जाऊन उभा राहिला होता. आई नुसती बघत राहिली, आणि मग तिच्या चेहऱ्यावर ते आलं जे मी वर्षभर पाहिलं नव्हतं, घरातल्या कुणावर तरी चिडल्यासारखं, रोजचं.

"आता बस की रे," ती म्हणाली. "किती वेळ उबा रानार?"

आणि आपल्या शेजारची जागा मोकळी करून ती थोडी बाजूला सरकली.